चौथ्या मजल्यावरची दिव्यांची अवस : एका आमंत्रणपत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातली अकरा मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर आठ घरे. कॉरिडॉर काटकोनात वळलेला : लिफ्टसमोर बऱ्यापैकी मोकळी जागा, तिथे ४०१ ते ४०४ ची दारे, वळण घेतले की पाच फूट रुंदीचा पॅसेज आणि त्यावर ४०५ ते ४०८. एक जिना लिफ्टशेजारी, दुसरा पॅसेजच्या टोकाला. मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे, पण राहते वेगळ्या मजल्यावर. घरांचे क्रमांक आणि माणसांच्या काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. प्रसंग जुलै २०२५ चा आहे.

४०२ मध्ये राहणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. इमारत ताब्यात मिळाली तेव्हापासून त्या इथेच आहेत, आणि तेव्हाची आठपैकी फक्त तीन कुटुंबे आता मजल्यावर उरली आहेत. बाकी कोणी घर विकले, कोणी भाड्याने दिले. जूनमध्ये एका रात्री वीज गेली आणि जनरेटरही चालू झाला नाही. मजल्यावरची माणसे मोबाइलचे टॉर्च घेऊन बाहेर आली, आणि काकूंच्या लक्षात आले की समोर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यातून त्यांना पत्राची कल्पना सुचली.

दिवस त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. दिवाळीत अर्धा मजला गावी जातो, उरलेल्यांच्या घरी पाहुणे. आषाढी अमावास्येला मात्र कोणाचेच काही ठरलेले नसते. हल्ली तो दिवस ‘गटारी’ म्हणूनच जास्त ओळखला जातो, पण घरातले सगळे दिवे काढून घासायचे, पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि कणकेचे गोड दिवे उकडायचे, ही पद्धत अजून अनेक घरांत आहे. या अवसेची जी कहाणी सांगतात तीही काकूंच्या मनात होती. घरातला पदार्थ सुनेने खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली, आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. घरातले दिवे घासायची, त्यांना तेलवात करायची ती तीच. पुढे अवसेच्या रात्री गावातले सगळे दिवे एका झाडावर जमले आणि आपापल्या घरी कसा पाहुणचार झाला ते सांगू लागले. एक दिवा तेवढा उदास होता. त्याने सगळी हकिगत सांगितली, झाडाखाली मुक्कामाला असलेल्या राजाने ती ऐकली, आणि खरे काय ते बाहेर आले. गावातले दिवे एका जागी जमतात, मग आपल्या मजल्यावरचे का नाही, एवढाच काकूंचा मुद्दा होता.

पहिले पत्र

सोमवारी, १४ जुलैला, हाताने लिहिलेले पत्र झेरॉक्स काढून आठही दारांखालून सरकवले गेले. मजकूर असा :

‘सप्रेम नमस्कार. येत्या गुरुवारी, २४ जुलै रोजी, आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस आहे. त्या दिवशी सायंकाळी सात वाजता आपल्या मजल्यावर सामुदायिक दीपपूजन करण्याचे योजले आहे. सर्व घरांनी आपापले दिवे स्वच्छ करून आणावेत. लिफ्टपासून मागच्या जिन्यापर्यंत दोन्ही बाजूंनी १०८ पणत्या लावू. पूजेनंतर प्रसाद होईल. खर्चासाठी प्रत्येक घरी १५१ रुपये जमा करावेत. सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहणे. कोणीही चुकवू नये, ही आग्रहाची विनंती.’

पत्रात प्रेम आहे, आणि ते वाचणाऱ्या प्रत्येकाला जाणवले. अडचण इतकीच की यात येणाऱ्याने काय करायचे ते सगळे ठरलेले आहे, आणि ज्याला जमणार नाही त्याने काय करायचे ते कुठेच नाही. पूजा, पैसे आणि हजेरी एकाच वाक्यसमूहात आल्यामुळे एकाला नाही म्हटले की तिन्हीला नाही म्हटल्यासारखे होते.

मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या रात्री चार घरांनी हात जोडल्याचे चिन्ह टाकले. बाकी चार घरे गप्प. काकूंनी सगळ्यांचा होकार धरला. सोसायटीच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर मला या चिन्हाचा धसका आहे. ‘मिळाले’, ‘छान’, ‘येतो’ आणि ‘आम्हाला यात ओढू नका’, या चारही गोष्टी लोक त्याच चिन्हाने सांगतात.

अडचण कुठे होती

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ४०५ मधल्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे आणि ते दिवसातले बरेच तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. मशीन देणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले होते की त्याच्या दहा फुटांच्या आत उघडी ज्योत नको. देवापुढचा दिवासुद्धा त्यांनी स्वयंपाकघरात हलवला होता. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण तो कपड्यांत, पांघरुणात, केसांत साठून राहतो, आणि एरवी नुसती धग लागून विझली असती अशी ठिणगी तिथे भडकते. पणत्यांची रांग त्यांच्या उंबऱ्यावरून जाणार होती, आणि आजोबांचा पलंग दाराला लागून असलेल्या खोलीत. धुराचा त्रास वेगळाच. ‘पण काकूंना मी फोन केला असं सांगू नका,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी बाबांसाठी किती केलंय.’

ही एकच गोष्ट असती तरी पत्र बदलावे लागले असते. पण त्याच आठवड्यात दुसरा योग जुळून आला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. आमचा जुलैचा दाखला व्हायचा होता, आणि तपासणीला आलेल्या माणसाने चौथ्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅककडे बोट दाखवून ‘हा सुटकेचा मार्ग आहे’ असे नुकतेच ऐकवले होते. मी टेप घेऊन मोजले. पाच फुटांच्या पॅसेजमध्ये एका बाजूला रॅक सव्वा फूट खातात. दोन्ही बाजूंना पणत्या, त्यांच्याभोवती थोडी मोकळी जागा, असे धरले तर मधे जेमतेम दोन फूट उरतात. दोन फुटांतून साडीचा पदर, ओढणी, पळणारी मुले आणि प्रसादाचे ताट जाणार. शिवाय लिफ्टसमोर आणि पॅसेजमध्ये छताला धूर ओळखणारी यंत्रे आहेत. शंभर वातींची काजळी बंद जागेत वर गेली तर ती वाजू शकतात. मग पहारेकऱ्याला ‘दोन तास पॅनल बंद ठेव’ असे सांगितले जाते आणि नंतर ते चालू करायचे राहून जाते. हे अनेक इमारतींत घडते, म्हणून पॅनलला हात लावायचा नाही हे मी पहिल्यांदाच ठरवून टाकले.

यानंतर मी बाकीच्या घरांकडे वळले. पत्राचे निमित्त न काढता, रॅक हलवण्याचे काम घेऊन गेले. त्यामुळे दारे उघडली आणि बोलणे आपोआप पत्रावर आले.

४०६ मधले सर माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. सर शांतपणे म्हणाले, ‘पूजेला आम्ही बसत नाही, हे बाईंना माहीत नसेल असं नाही. माहीत असून लिहिलं असेल तर प्रश्न वेगळा, आणि विसरून लिहिलं असेल तर तो आणखी वेगळा.’ रागाचा स्वर नव्हता. पण त्या वाक्यातला दुसरा भाग मला जास्त लागला.

४०४ मध्ये चैत्रात घरातले कर्ते गृहस्थ गेले होते. वर्ष चालू असल्याने सणवार नाहीत. देवापुढे दिवा लागतो, पण सण म्हणून बाहेर उभे राहणे त्यांना जमणार नव्हते आणि ते स्वतःहून सांगायला जाणे तर त्याहून नको होते. ४०७ चे कुटुंब जैन. चातुर्मास सुरू झालेला, घरातल्या आजी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. पावसाळ्यात ज्योतीवर झेपावून किडे मरतात म्हणून त्या या दिवसांत उघडा दिवा शक्यतो टाळतात. ४०१ मधले जोडपे रत्नागिरीकडचे, मुस्लिम. वर्षभरापूर्वी राहायला आलेले. त्यांचे म्हणणे अगदी व्यवहारी होते : यायला आवडेल, पण पूजा चालू असताना आपण कुठे उभे राहायचे ते कळत नाही. ४०३ मधल्या तीन भाडेकरू मुलांनी पैसे त्याच दिवशी भरून टाकले होते आणि यायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. १५१ रुपयांत हजेरी माफ झाली, असा त्यांचा हिशेब.

४०८ वाल्यांना कसलीच अडचण नव्हती, असेही एक घर असते.

कोणते पर्याय पुढे होते

कमिटीतल्या एका सदस्याचे मत सरळ होते : कॉरिडॉर सामायिक जागा आहे, तिथे ज्योत नको, परिपत्रक काढा आणि विषय संपवा. नियमाच्या बाजूने बिनतोड. पण परिपत्रक सगळ्या इमारतीला गेले असते, त्यामागे चौथ्या मजल्यावरचे कोण आहे याची चर्चा झाली असती, आणि ४०५ चे नाव दोन दिवसांत बाहेर आले असते. काकूंनी पुन्हा कधी पत्र लिहिले नसते, हे तर उघडच.

गच्चीवर नेणे हा दुसरा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पुण्यात, संध्याकाळी सातला. त्यावर फार वेळ घालवला नाही. खालचा हॉल मिळत होता, पण मग तो मजल्याचा कार्यक्रम राहिला नसता आणि आजोबा, ४०७ च्या आजी, ४०४ चे लोक यांना दारातून डोकावून जाण्याची जी मुभा होती तीही गेली असती.

तिसरा पर्याय सेलच्या पणत्यांचा. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम आणि मला तोच करावासा वाटत होता. काकूंनी एका वाक्यात निकाल लावला : ‘अगं, दिवे घासायचा सण आहे. प्लॅस्टिकचं काय घासू?’ यात हट्ट आहे असे वाटेल, पण त्यांचे बरोबर होते. या दिवशी महत्त्व उजेडाच्या रोषणाईला नसून दिव्याच्या वस्तूला आहे.

चौथा, प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्यात एकेक दिवा लावावा. ऐकायला सोपा आणि सगळ्यांत वाईट. आठ ज्योती आठ ठिकाणी, माणसे एका टोकाला गप्पा मारत, आणि दार उघडताच आतली फॅनची झुळूक किंवा बाहेर येणारे लहान मूल. शिवाय ज्या दारात दिवा नाही ते घर लगेच उठून दिसते.

वाट निघाली ती काकूंच्या त्या प्लॅस्टिकवरच्या उत्तरातून. दिवे आणणे आणि ज्योत लावणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील का? दिवे कितीही आणा, सगळे कोरडे, तेलावाचून. पेटणारा एकच, तोही ठरलेल्या जागी.

निर्णयाचा कठीण भाग

तरीही काकूंना कारण सांगायचे कसे, हा प्रश्न होताच. अग्निशमनाच्या तपासणीवर सगळे ढकलता आले असते. कारण खोटेही नव्हते. पण मग काकू म्हणाल्या असत्या, ठीक आहे, १०८ ऐवजी २१ लावू, आणि त्या २१ मधल्या चार ४०५ च्या दारात असत्या. कारण अर्धेच कळले की माणूस उपायही अर्धाच करतो.

मी वहिनींना परत फोन केला आणि ऑक्सिजनबद्दल काकूंशी बोलायची परवानगी मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मीच जाते.’ त्या गेल्या तेव्हा मी तिथे नव्हते. काकूंनी नंतर सांगितले ते असे की आजोबा आजारी आहेत हे सगळ्यांना माहीत होते, मशीन आहे हेही माहीत होते. ज्योत आणि मशीन यांचा संबंध मात्र त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. मजल्यावर दुसऱ्या कोणाच्याही आला नव्हता.

सरांच्या बाबतीत मी मध्यस्थी केली नाही. काकूंना एवढेच सांगितले की पत्रात ‘पूजन’ हा शब्द सगळ्यांना उद्देशून आहे, त्याचा विचार करा. त्या दोन घरांची ओळख पंधरा वर्षांची. मधे सेक्रेटरी आली की ते प्रकरण होते. काकू दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सरांकडे चहाला गेल्या. काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या पत्राचा मसुदा मात्र त्यानंतर बदललेला दिसला.

दुसरे पत्र

शनिवारी, १९ जुलैला, ते दारांखालून गेले :

‘सप्रेम नमस्कार. मागच्या पत्रात थोडा बदल. गुरुवारी, २४ तारखेला, संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ आपण लिफ्टसमोर जमू. आपल्या घरातला एखादा दिवा दाखवायला आणा : समई, कंदील, बॅटरी, काहीही. दिवा कोरडा आणावा, तेल-तूप-रॉकेल नको. पेटलेली समई एकच असेल, आमची. पॅसेजमध्ये काही लावायचे नाही. ज्यांना दिव्यांची पूजा करायची आहे त्यांनी पावणेसातला आमच्या घरी यावे. ती घरातच होईल. बाहेर फक्त दिवे पाहायचे आणि मी अवसेची कहाणी सांगणार. खर्च नाही, दिलेले पैसे परत करत आहे. मधे येऊन दोन मिनिटांत गेलात तरी चालेल. येणे जमणार नसेल तर कळवायची गरज नाही.’

शेवटचे वाक्य घालायला काकू तयार नव्हत्या. किती माणसांसाठी प्रसाद करायचा ते कसे कळणार, हा त्यांचा रास्त प्रश्न. पण कळवायला सांगितले की ४०४ ला कारण लिहावे लागते. शेवटी वीस कणकेचे दिवे करायचे आणि उरले तर दुसऱ्या दिवशी वाटायचे, असे ठरले. वेळही मुद्दाम बदलली. त्या दिवसांत पुण्यात सूर्य सव्वासातच्या आतबाहेर मावळतो. पूजा दिवेलागणीला हवी, तर हिंजवडीहून येणारी माणसे साडेसातच्या आत घरी पोचत नाहीत. एकाच वेळेत दोन्ही बसवण्याचा नाद सोडला आणि पूजा घरात गेली, तेव्हा वेळेचाही प्रश्न सुटला आणि ४०१, ४०६ चाही. पैसे परत केल्याने ४०३ च्या मुलांची मात्र पंचाईत झाली. न येण्याची त्यांनी भरलेली किंमतच हातात परत आली.

ती संध्याकाळ

जागा लिफ्टसमोरच्या खिडकीजवळची. तिथून ४०५ चे दार वळणापलीकडे, चाळीसएक फुटांवर. पॅसेजमधले रॅक दुपारीच घरांत गेले होते. एक दणकट लाकडी टेबल भिंतीला लावून, त्यावर मोठी स्टीलची परात, परातीत दोन बोटे ओली वाळू आणि त्यात समई रोवलेली. समईचा तळ रुंद असला तरी तेल भरल्यावर ती वरून जड होते आणि धक्क्याने कलते. वाळूत रोवली की हलत नाही, आणि सांडलेले तेलही तिथेच मुरते. टेबलावर कापड घालायचे नाही, हे काकूंना पटायला वेळ लागला. खिडकी एकच बोटभर उघडी. पूर्ण उघडली असती तर पावसाचा वारा आला असता, पूर्ण बंद केली तर काजळी कोंडली असती. शेजारी जाड ओला टॉवेल, झाकण म्हणून एक पातेले आणि कॉरिडॉरमधला पावडरचा अग्निशामक. तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, झाकायचे, हे ४०३ मधल्या ज्या मुलाला समईजवळ उभे केले होते त्याला दोनदा सांगितले. ती तिन्ही मुले आली ती याच कामामुळे. नुसते ‘या’ म्हटल्यावर न येणारा माणूस ‘इथे उभा राहा’ म्हटल्यावर येतो.

दुसऱ्या टेबलावर कोरडे दिवे. ४०१ वाल्यांनी आपल्या आजोबांच्या घरातला पितळी फाणस आणला होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. त्याची काच कशी बसवतात यावर दहा मिनिटे चर्चा चालली. ४०८ ची पंचारती, काकूंचा लामणदिवा, ४०७ कडून चांदीची छोटी दिवटी. मुलांनी चार्जिंगचा इमर्जन्सी लॅम्प ठेवला. सर पावणेआठला आले, हातात पत्र्याची चिमणी. मॅट्रिकचा अभ्यास तिच्यावर केल्याचे त्यांनी सांगितले आणि तिच्या धुराने सकाळी नाकपुड्या कशा काळ्या व्हायच्या तेही. लहान मुलांना कहाणीपेक्षा ते जास्त आवडले, हे काकूंनीही कबूल केले.

कहाणी झाली. ४०४ चे कोणी जमलेल्यांत आले नाही, पण दार उघडे ठेवून आतून ऐकत होते. ४०७ च्या आजींसाठी काकूंनी कणकेचे दोन दिवे साडेसहालाच, सूर्यास्ताआधी, घरी पोचवले होते. ४०५ च्या वहिनी पाच मिनिटे येऊन गेल्या. धुराची यंत्रे वाजली नाहीत.

बिघडले ते शेवटी. सव्वाआठला समई शांत केली आणि मदतीच्या उत्साहात कोणीतरी ती तेलासकट उचलून ४०२ कडे नेली. वाटेत तेल सांडले. गुळगुळीत टाइल, पावसाच्या ओल्या पावलांची ओल, त्यावर तिळाचे तेल. ४०८ मधले मूल सरळ घसरत भिंतीवर गेले. लागले नाही. सांडलेल्या तेलावर कणीक टाकून ते टिपले, मग साबणाच्या पाण्याने पुसले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथे पाय जपूनच टाकावा लागत होता. ज्योतीचा इतका विचार झाला होता, की ज्योत विझल्यावर काळजी संपली असे सगळ्यांनी धरले होते.

निष्पत्ती

आठपैकी सहा घरांतले कोणी ना कोणी त्या संध्याकाळी लिफ्टसमोर येऊन गेले. ४०४ ने दारातून ऐकले, ४०७ ने दिवटी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी खाकऱ्याचा डबा. चपलांचे रॅक पॅसेजमध्ये परत आले नाहीत, आणि तपासणीचा दाखला वेळेत मिळाला. हे परिपत्रकाने झाले असते की नाही, याची मला शंका आहे. मजल्यावरच्या लोकांना आता ४०५ मध्ये ऑक्सिजन आहे म्हणजे काय ते कळते. मच्छर अगरबत्ती पॅसेजमध्ये लावणे आपोआप बंद झाले.

एक परिणाम मात्र नको तसा झाला. कोणीतरी त्या संध्याकाळचा फोटो इमारतीच्या मोठ्या गटावर टाकला. फोटोत समई, दिवे आणि हसरे चेहरे आहेत. वाळू नीट दिसत नाही, अग्निशामक चौकटीबाहेर राहिला, आणि बाकीचे दिवे कोरडे आहेत हे कळायला मार्ग नाही. दुसऱ्याच दिवशी पाचव्या मजल्यावर कोणीतरी जिन्याच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या. जिना म्हणजे सुटकेची वाट. पहारेकऱ्याने विझवल्या, त्यावरून बोलाचाली झाली. ‘चौथ्यावाल्यांना चालतं, आम्हाला नाही?’ हा प्रश्न कमिटीच्या पुढच्या सभेत लेखी आला.

वेगळे काय करता आले असते

पहिले पत्र जाण्याआधी काकूंनी दोन दारे ठोठावली असती, तर दुसरे लिहावे लागले नसते. कोणती दोन, हेही सांगता येते. एक, ज्या घरात आजारी माणूस आहे ते. दुसरे, जिथे आपल्या विधीला लोक बसत नाहीत हे आपल्याला माहीत आहे ते. उरलेल्या घरांच्या अडचणी पत्राच्या शब्दांनी सुटल्या असत्या, या दोन घरांच्या मात्र समोरासमोर बोलल्याशिवाय सुटणाऱ्या नव्हत्या.

समई तिथेच, वाळूत, पूर्ण थंड होऊ द्यायला हवी होती आणि तेल वाटीत काढून मगच हलवायला हवी होती. ‘शांत केल्यावर अर्धा तास कोणी हात लावायचा नाही’ हे काम वाटतानाच एका माणसाच्या नावे लिहून टाकले असते तर पुरे होते.

फोटोसोबत दोन ओळी जायला हव्या होत्या. किंवा फोटो आधी कमिटीकडे यायला हवा होता, पण तेवढे नियंत्रण कोणावर चालत नाही, म्हणून दोन ओळीच बऱ्या : समई एक, वाळूत, बाकी दिवे तेलावाचून, पॅसेज आणि जिना रिकामा.

मला अजून न सुटलेला एक मुद्दा आहे. येणे जमणार नसेल तर कळवू नका, या वाक्याने ४०४ ची सोय झाली, पण ४०७ च्या सुनेने नंतर बोलून दाखवले की तिला ते वाचून ‘आम्ही आलो काय, न आलो काय’ असे वाटले. जैन घराला काय चालेल हे विचारायला कोणी आले असते, तर आजी सूर्यास्ताआधी दहा मिनिटे येऊन बसल्या असत्या. तेच वाक्य एका घराला सुटका आणि दुसऱ्याला उपेक्षा वाटू शकते, आणि आठ घरांना एकच पत्र लिहिताना त्यावर उपाय मला सापडलेला नाही. काकू म्हणतात, पुढच्या वेळी पत्राच्या खाली प्रत्येक घरासाठी हाताने वेगळी ओळ लिहायची. झेरॉक्सनंतर.

पाचव्या मजल्याच्या अर्जावर कमिटीने दिवाळीआधी लेखी अटी काढायचे ठरवले. मसुदा काकूंकडे दिला आहे. त्यात त्यांनी स्वतःहून घातलेली पहिली अट अशी, की मजल्यावर कोणाच्या घरी ऑक्सिजन, दमा किंवा रांगते मूल आहे का, हे पत्र लिहिण्याआधी विचारून यायचे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचे नाही.